मळमळीची जिभेवर विरघळणारी गोळी : हात कोरडे हवेत ते नेमकं कशासाठी?

पाऊलवाट (धागाकर्ती)

आईची केमो चालू आहे. दुसऱ्या फेरीनंतर घरी आलो त्या संध्याकाळी तिला मळमळायला लागलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ऑन्डान्सेट्रॉनची ८ मिलिग्रॅमची गोळी घरात होती, तोंडात विरघळणारी. आईला घोटभर पाणीसुद्धा नको वाटत होतं, म्हणूनच ती दिली होती.

मी नुकतीच बादली धुऊन आले होते. हात टॉवेलला पुसले, पण घाईत. नेहमीच्या गोळीसारखी मागून अंगठ्याने दाबली तर फॉइल फाटलं आणि गोळीचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा उचलला, तर तो जिभेपर्यंत पोचेपर्यंत माझ्या बोटावर ओल्या खडूसारखा लगदा झाला होता. नखाने खरवडून तिच्या जिभेवर लावला. दुसऱ्या तुकड्याचा चुरा फॉइलच्या कडेला राहिला. वीस मिनिटांनी तिला उलटी झाली.

पाकिटावर लिहिलं होतं, ‘कोरड्या हातांनी हाताळा’. मी वाचलं होतं, पण ते स्वच्छतेसाठी असेल असं समजले होते. आता तिसरी फेरी जवळ आली आहे. ही गोळी प्रत्यक्षात नीट द्यायची कशी, पाणी अजिबात द्यायचं नाही का, आणि गोळी दिल्यावर उलटी झाली तर ती गेली असं धरायचं का? ज्यांनी दिली आहे किंवा घेतली आहे त्यांनी कृपया लिहा.

---

रानवारा

ताई, ही गोळी जिभेखाली ठेवायची असते. तिथल्या रक्तवाहिन्यांतून औषध थेट रक्तात जातं, पोटात जातच नाही. म्हणून तर पाणी लागत नाही आणि दोन मिनिटांत गुण येतो. वीस मिनिटांनी उलटी झाली तरी काळजी करू नका, औषध तोवर अंगात भिनलेलं असतं.

---

खलबत्ता

रानवारा, थोडं थांबा. मी औषधं बनवण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असतात, छातीत कळ आली की देतात त्यातली एक. तिच्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण ऑन्डान्सेट्रॉनची ही गोळी त्या जातीची नाही.

ती जिभेच्या वर ठेवायची. तिथे ती सुटी होते, लाळेत मिसळते आणि ती लाळ गिळायची. औषध त्यानंतर आतड्यातून शोषलं जातं, साध्या गोळीसारखंच. तोंडाच्या आतल्या त्वचेतून मोजण्याइतकं काही जात नाही. म्हणजे वाचतं ते पाणी, वेळ वाचत नाही. जिभेवरची गोळी काही सेकंदांत नाहीशी होते म्हणून लोकांना वाटतं की औषधही तेवढ्याच वेगाने लागू पडेल. तसं नसतं. आराम वाटायला साधारण अर्धा तास जातो, आणि रक्तातलं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं ते दीड-दोन तासांनी.

म्हणून पाऊलवाट, तुमच्या आईंना वीस मिनिटांनी उलटी झाली तेव्हा औषधाचा बराच भाग पोटातच असण्याची शक्यता होती. ‘भिनलं असेल’ असं धरून चालता येत नाही.

---

पाऊलवाट

खलबत्ता काका, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी वॉर्डला फोन केला होता. तिथल्या सिस्टरने विचारलं, किती मिनिटं झाली, आणि गोळी सगळी तोंडात गेली होती का. मी बोटावरच्या लगद्याचं सांगितलं. डॉक्टरांना विचारून त्यांनी आणखी एक द्यायला सांगितली. पण तुकडे झाल्यामुळे सांगितली की उलटीमुळे, ते मला कळलं नाही.

---

खलबत्ता

बहुधा दोन्हींमुळे. या औषधाच्या काही माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की गोळी घेतल्यापासून तासाभरात उलटी झाली तर तेवढाच डोस पुन्हा घ्यावा, त्यानंतर झाली तर घेऊ नये. काही डॉक्टर अर्ध्या तासाची मर्यादा सांगतात. तुमच्या डॉक्टरांची मर्यादा कोणती हे केमोच्या दिवशीच विचारून पाकिटावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला नको.

आता हातांबद्दल. त्याचं उत्तर गोळी कशी बनते त्यात आहे.

या गोळ्या दोन तऱ्हांनी बनतात. एका तऱ्हेत गोळी दाबून बनवतच नाहीत. औषध, जिलेटिन आणि मॅनिटॉल ही गोडसर साखर यांचं पातळ मिश्रण थेट पाकिटाच्या खळग्यात ओततात, तिथेच गोठवतात आणि मग निर्वात जागेत त्यातला बर्फ उडवून लावतात. बर्फ गेला की त्याच्या जागी पोकळ्या राहतात. उरतो तो एक हलका, सच्छिद्र पापुद्रा. खळगा हाच त्याचा साचा. जीभ लागताच लाळ सगळ्या छिद्रांत एकदम शिरते आणि गोळी कोसळते.

बोटावरचा ओलावा आणि जिभेवरची लाळ यांतला फरक गोळीला कळत नाही. जे काम तिने जिभेवर करायचं ते ती तुमच्या अंगठ्यावरच सुरू करते. जेवढी बोटाला चिकटली तेवढा डोस कमी. स्वच्छता हवीच, पण ‘कोरड्या’ हा शब्द त्यासाठी लिहिलेला नसतो.

आणि खळग्यातच घडलेली असल्यामुळे ती मागून दाबून काढायची नाही. फॉइल फाडून बाहेर येण्याइतकी ताकद तिच्यात नसते, तीच मोडते. फॉइल कोपऱ्यातून धरून सोलायचं असतं.

दुसऱ्या तऱ्हेच्या गोळ्या दाबून बनवलेल्या असतात. त्यांत पाणी लागताच फुगून गोळी फोडणारा एक घटक घातलेला असतो. त्या जरा कणखर असतात, काही तर बाटलीतही मिळतात. पण कोरडा हात दोन्हींना लागतो.

---

टिकटिक

‘बर्फ उडवून लावतात’ हे तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी तिला साधी खडूची गोळी समजत होते.

---

रानवारा

खलबत्ता, मान्य. मी माझ्या काकांच्या हृदयाच्या गोळीवरून लिहिलं होतं. पण एक शंका राहते. तोंडात विरघळणारं एखादं औषध तोंडातूनच शोषलं जातं असं मी कुठेतरी वाचलेलं आहे. ते चूक होतं का?

---

खलबत्ता

चूक नव्हतं. औषधावर अवलंबून असतं. पार्किन्सनच्या एका औषधाची अशीच गोठवून बनवलेली गोळी आहे, तिच्यातलं औषध तोंडातूनही चांगलं शोषलं जातं. ऑन्डान्सेट्रॉनचं तसं होत नाही. गोळीचा प्रकार एकच असला तरी आतलं औषध आपल्याच वाटेने जातं.

---

प्रवासीपक्षी

मला घाटात गाडी लागते. ही गोळी फार सोयीची वाटते, गाडीत पाण्याची बाटली उघडायला नको. प्रवासाच्या किती आधी घ्यावी?

---

खलबत्ता

प्रवासीपक्षी, या गोळीचा गाडी लागण्यावर फारसा उपयोग होत नाही. केमोनंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा पोट बिघडल्यावर जी उलटी होते तिच्यात सेरोटोनिनचा हात असतो आणि हे औषध ती वाट अडवतं. गाडी लागते ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून मेंदूला जाणाऱ्या संदेशांमुळे. त्यावरची औषधं वेगळी आहेत, ती डॉक्टरांना विचारा. सोयीची आहे म्हणून ही घेऊ नका.

---

प्रवासीपक्षी

बरं झालं विचारलं. मागच्या वेळी शेजाऱ्यांकडून एक घेतली होती आणि वळणावर व्हायचं तेच झालं. मला वाटलं गोळी जुनी असेल.

---

सिस्टर_निवृत्त

पाऊलवाट, मी वॉर्डात बरीच वर्षं काढली. तुझं जे झालं ते नव्या मुलींचं रोज व्हायचं. आम्ही कसं द्यायचो ते सांगते.

आधी पेशंटला बसवायचं. आडव्या माणसाच्या जिभेवर काही ठेवायचं नाही, मळमळत असताना तर नाहीच. मग तोंडात बघायचं. केमोनंतर तोंड कोरडं पडतं, कधी फोड येतात. कोरड्या जिभेवर ही गोळी विरघळत नाही, चिकटून बसते. पेशंट म्हणतो, टाळूला माती लागली. अशा वेळी घोटभर पाणी तोंडात फिरवून थुंकायला लावायचं आणि मग गोळी ठेवायची. तोंड ओलं, हात कोरडे. उलटं झालं की तुझ्यासारखं होतं. फोड असतील तर ती जागा सोडून ठेवायची.

हात धुवायचे, पुसायचे, आणि मग थांबायचं. लोक तळहात पुसतात. गोळी उचलतो अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांनी, आणि नखाच्या कडेला पाणी नेमकं तिथेच साठलेलं असतं. मी मुलींना सांगायची, एक पातळ कागद चिमटीत धरून सोडा. कागद चिकटला तर अजून ओल आहे. हाताला सॅनिटायझर लावलं असेल तर तेही पूर्ण उडून जाऊ द्यायचं. क्रीम लावलेला हात तर नकोच.

आणि हे सगळं झाल्यावर पाकीट हातात घ्यायचं. आधी सोलून, गोळी उघडी ठेवून हात पुसायला जायचं नाही. उघडली की लगेच जिभेवर.

---

मध्यरात्र

सिस्टर, तुम्ही देणाऱ्याच्या हातांबद्दल लिहिलंत. मी स्वतः घेणाऱ्यांतली आहे. दोन वर्षांपूर्वी माझे उपचार झाले, रात्री मी एकटी असायचे. मळमळ चढते तेव्हा दरदरून घाम सुटतो, आणि तळहात पहिले ओले होतात. ज्या क्षणी गोळी हवी त्याच क्षणी हात कोरडे नसतात. चादरीला पुसले तरी दहा सेकंदांत पुन्हा ओले.

मी गोळीला हात लावणंच सोडलं. फॉइलची कड बोटांनी धरून सोलायची, खळगा तसाच ओठांपाशी न्यायचा आणि जिभेवर उपडा करायचा. गोळी इतकी हलकी असते की टिचकी मारल्याशिवाय पडत नाही, पण पडते. खळगा जिभेला टेकू द्यायचा नाही, नाहीतर गोळी अर्धी त्यातच चिकटते. सुरुवातीला माझं दोनदा तसं झालं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. उलटी व्हायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं. भराभर लाळ येते आणि माणूस ती थुंकत राहतो. मी गोळी ठेवायचे, ती क्षणात विरघळायची आणि मी सगळं बेसिनमध्ये थुंकायचे. तीन वेळा असं केल्यावर मी नर्सला म्हटलं, गोळीचा उपयोग होत नाही. त्या म्हणाल्या, तू गोळी घेतेसच कुठे, थुंकतेस ना.

---

सिस्टर_निवृत्त

मध्यरात्र, अगदी बरोबर. लाळ गिळली तरच डोस गेला. पेशंट बादलीवर वाकलेला असताना गोळी द्यायची नाही. एक उबळ येऊन गेली की थोडा वेळ शांत जातो, त्यात द्यायची, आणि दोनदा-तीनदा गिळायला लावायचं. पहिल्यांदा कसंतरी वाटू लागलं तेव्हाच दिली तर याहून बरं.

---

खारूताई

मुलांबद्दल लिहू का? माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला जुलाब-उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्याचं वजन करून डोस ठरवला आणि तिथेच एक गोळी दिली. मी ‘आ कर’ म्हटलं, त्याने केला, गोळी जिभेवर पडली आणि पुढच्या क्षणी त्याने जीभ बाहेर काढून शर्टाला पुसली. गोळी गुलाबी डाग होऊन शर्टावर. गोड होती, पण गोडाच्या मागे काहीतरी कडू लागलं असावं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतः त्याच्या जिभेच्या मध्यावर ठेवली आणि त्याला म्हणाले, आता गाल फुगवून दाखव. गाल फुगवायचे म्हणून त्याने तोंड मिटलं, आणि तेवढ्यात ती विरघळून गेली. मग पंधरा मिनिटं काही द्यायचं नाही, आणि नंतर जलसंजीवनी एक-एक चमचा, दर काही मिनिटांनी, असं सांगितलं. मी आधी कपभर पाजत होते आणि ते सगळं बाहेर येत होतं.

---

देवदार

सगळे पाणी नको म्हणताहेत, पण का नको ते कुणी लिहिलं नाही. पाण्याने औषध पातळ होऊन त्याचा जोर कमी होतो, म्हणून पाणी वर्ज्य आहे. माझ्या वडिलांना मी गोळीनंतर अर्धा तास पाणी देत नव्हतो.

---

खलबत्ता

देवदार, पाणी वर्ज्य नाही. औषध शेवटी पोटातच जाणार आहे, वर घोटभर पाणी गेलं म्हणून त्याचा जोर कमी होत नाही. पाण्याशिवाय घेता येते ही सवलत आहे, मनाई नाही. मळमळलेल्या पोटात अर्धा पेला पाणी गेलं की तेवढ्यानेच उबळ येते, आणि पाण्याबरोबर गोळीही बाहेर पडते. ते टाळायला पाणी नको, एवढंच. तहान लागली असेल आणि घोटभर पोटात टिकत असेल तर द्या.

---

देवदार

पण मी जे केलं त्याने त्यांना फायदाच झाला. अर्ध्या तासात पाणी दिलं की उलटी व्हायची, नाही दिलं की व्हायची नाही.

---

सिस्टर_निवृत्त

कारण तोवर औषध लागू पडलेलं असायचं. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, देवदार. पण कुणाचं तोंड कोरडं पडून गोळी टाळूला चिकटली असेल तर अर्धा तास पाणी अडवून धरू नका.

---

टिकटिक

गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवल्या तर चालतील का? आजींच्या सगळ्या गोळ्या मी रविवारी लावून ठेवते.

---

खलबत्ता

पाकिटात आलेल्या या गोळ्या नाही. हवेतला दमटपणाही त्यांना पुरतो. डबीत ठेवायचंच असेल तर पाकिटाचा एक चौकोन टोचलेल्या रेषेवर दुमडून, फाडून तसाच बंद ठेवा. सोलताना गोळी आक्रसलेली, खळग्याला चिकटलेली किंवा रंग बदललेली दिसली तर आत ओल शिरली आहे असं समजा आणि दुसरी घ्या.

कापून अर्धी करायचंही कुणाच्या मनात असेल. गोठवून बनवलेली गोळी कापायला गेलात की चुरा होतो आणि अर्ध्यात किती औषध आलं हे कळत नाही. ४ मिलिग्रॅमची वेगळी मिळते, तीच लिहून घ्या.

---

निळासांवर

माझा प्रश्न वेगळा आहे. जिलेटिन म्हणजे प्राण्यांपासून केलेलं ना? आमच्या घरी ते चालत नाही.

---

खलबत्ता

हो, प्राणिजन्यच. दाबून बनवलेल्या प्रकारात बहुधा जिलेटिन नसतं. घटकांची यादी पाहा किंवा औषधविक्रेत्याला विचारा. यादी हातात असतानाच अॅस्पार्टेमही बघा. गोडीसाठी बऱ्याच गोळ्यांत ते असतं आणि फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते चालत नाही.

---

अबोली

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत गोळी देण्याआधी डॉक्टरांनी ईसीजी काढला होता. त्यांना हृदयाच्या ठोक्यांसाठी आधीच एक औषध चालू होतं आणि हे औषध ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं म्हणे. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरलं असेल तर जास्तच. विरघळणारी आहे म्हणून सौम्य असेल असं मी समजत होते.

आणि बद्धकोष्ठ. पहिल्या फेरीनंतर चार दिवस. त्याची कल्पना आधी असती तर बरं झालं असतं.

---

मध्यरात्र

अबोली, बद्धकोष्ठाला +१. मला सोबत डोकंही दुखायचं. दोन्ही डॉक्टरांना सांगितलं तेव्हा पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध जोडून दिलं.

---

पाऊलवाट

धागा वर काढते. तिसरी फेरी झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

डॉक्टरांना आधीच विचारलं. त्यांनी सांगितलं की अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर आणखी एक द्या, त्यानंतर झाली तर फोन करा. पाकिटावर पेनने ‘३० मि.’ लिहिलं.

घरी आल्यावर सहाच्या सुमारास आई म्हणाली, घशाशी येतंय. अजून उबळ नव्हती. तिला उशी लावून बसवलं. तोंड इतकं कोरडं होतं की बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज येत होता. घोटभर पाणी फिरवून थुंकायला दिलं. मी हात धुतले, पुसले आणि सिस्टरांनी सांगितलेली कागदाची युक्ती केली. कागद अंगठ्याला लटकून राहिला! मला हात अगदी कोरडे वाटत होते. पुन्हा पुसले, नखांच्या कडा पुसल्या, तेव्हा कागद पडला.

मग चौकोन फाडला आणि कोपऱ्यातून सोललं. पहिल्यांदाच ती गोळी अखंड बघितली. पांढरी, कडा किंचित गोल, बोटावर घेतली तर वजनच जाणवेना. तिच्या जिभेच्या मध्यावर ठेवली. तिने तोंड मिटलं आणि मी मनात आकडे मोजू लागले. बारा झाले तेव्हा तिने मान हलवली, गेली म्हणून. मग मी तिला तीनदा गिळायला लावलं. बोटं बघितली. काही नव्हतं.

साडेसहाला तिने डोळे मिटले. सात वाजता स्वतःहून पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि ते टिकले. रात्री एकदा उमासे आले, पण उलटी झाली नाही.

एक प्रश्न मात्र राहिलाच आहे. त्या आधीच्या वेळी बोटावर लगदा झाला तेव्हा मी तो खरवडून दिला. तसं करायला हवं होतं की टाकून नवी द्यायची?

---

खलबत्ता

मी असतो तर खरवडला नसता. बोट धुऊन, कोरडं करून वॉर्डला फोन केला असता आणि नव्या गोळीबद्दल विचारलं असतं. किती तोंडात गेलं आणि किती राहिलं हे कुणालाच सांगता येत नाही.

---

सिस्टर_निवृत्त

मी खरवडून दिली असती. उबळ यायच्या आत जेवढं आत जाईल तेवढं जाऊ द्यावं, आणि मग फोन. खरवडून दिल्याचं मात्र फोनवर सांगायचं, म्हणजे ते हिशोबात धरतात.

---

पाऊलवाट

तुम्हा दोघांचंही पटतंय. डॉक्टरांना विचारेन. चौथी फेरी सोमवारी आहे. चौकोन आजच सुटे करून ठेवलेत, बंदच. पातळ कागदाची घडीही त्याच डब्यात ठेवली आहे.

---

मध्यरात्र

डब्यात एक कोरडा चमचाही ठेवा. तुम्ही शेजारी नसाल आणि आईंच्या तळहातांना घाम असेल तर खळगा चमच्यात उपडा करून त्यांना स्वतः घेता येईल.